निबंधाचा संक्षेप : आधी उदाहरणे गाळावीत की युक्तिवाद?

प्रस्तावना

चर्चासत्रासाठी तीन हजार शब्दांचा निबंध तयार व्हावा आणि संपादकांनी दोन हजार शब्दांची मर्यादा कळवावी, हा प्रसंग प्राध्यापकवर्गाला नवा नाही. अशा वेळी पहिली कात्री बहुधा उदाहरणांना लागते. युक्तिवाद हा निबंधाचा गाभा आणि उदाहरण हा त्याचा अलंकार, अशी समजूत त्यामागे असते. इतिहास व सामाजिक शास्त्रांतील लेखनात ही समजूत कितपत टिकते, हे एका नमुन्याच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नमुना : दख्खनच्या दंग्यांवरील निबंध

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे हस्तगत करून जाळले आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावांत पसरले. या दंग्यांची कारणे सांगणारा एक निबंध कल्पावा. त्यात तीन युक्तिवाद आहेत : अमेरिकन यादवी युद्ध 1865 मध्ये संपल्यावर कापसाची तेजी ओसरली व पतपुरवठा आखडला, फेरआकारणीत शेतसारा वाढला, आणि मुदतीच्या कायद्यामुळे कर्जरोखा सावकाराच्या हातातील शस्त्र बनला. आरंभ व समारोप प्रत्येकी 300 शब्दांचे आणि प्रत्येक युक्तिवाद 800 शब्दांचा, पैकी 300 शब्द विधानाचे व 500 उदाहरणांचे, अशी त्याची मांडणी धरू.

उदाहरणे आधी गाळली, तर 1500 पैकी 1000 शब्द जातात आणि प्रत्येक युक्तिवादापाशी जेमतेम 165 शब्दांचा आधार उरतो. याचा परिणाम तिसऱ्या युक्तिवादात स्पष्ट दिसतो. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या कर्जाच्या दाव्यास सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता, घडले उलटे. ते कसे, हे विधानातून कळत नाही, हिशेबातून कळते. शंभर रुपये, दरसाल दरशेकडा चोवीस सरळ व्याज आणि मधल्या काळात काहीही फेड नाही, असे मानू. तीन वर्षांनी देणे 172 रुपये होते. मुदत संपण्यापूर्वी सावकार नवा रोखा करून घेतो आणि त्यात 172 हेच मुद्दल लिहिले जाते. पुढील तीन वर्षांनी देणे सुमारे 296 रुपये होते. रोखा बदलला नसता, तर सहा वर्षांचे देणे 244 रुपये झाले असते. हा 52 रुपयांचा फरक म्हणजेच युक्तिवाद होय. तो गाळल्यास ‘कायद्याने शेतकऱ्याची पिळवणूक वाढली’ एवढे वाक्य उरते. वाचकाने ते मान्य का करावे, याचे कारण उरत नाही.

दुसरा मार्ग एक युक्तिवाद त्याच्या उदाहरणांसह काढण्याचा. त्याने 800 शब्द कमी होतात. आरंभ व समारोप यांतून प्रत्येकी 100 काढले की हिशेब पुरा होतो. मात्र कोणता युक्तिवाद काढावा, हे त्याच्या दुबळेपणावरून न ठरवता, ज्यावर दुसरे काही उभे नाही तो काढावा. शेतकऱ्यांनी कागदच का जाळले, या प्रश्नाचे थेट उत्तर रोख्याच्या युक्तिवादात आहे. रोख रकमेची निकड साऱ्यातून कळते. कापसाचा युक्तिवाद या दोहोंना पूरक असला तरी त्याच्यावाचून ते कोसळत नाहीत. तो काढावा, पण शीर्षकातील ‘कारणे’ हा व्यापक शब्द बदलून ‘कर्जरोखे व शेतसारा’ असे लिहावे आणि पतपुरवठ्याचा विचार येथे केलेला नाही, हे आरंभी एका वाक्यात सांगावे. हे न केल्यास दोन कारणांचा निबंध संपूर्ण स्पष्टीकरणाचा आव आणतो.

मर्यादा

हा मार्ग समांतर युक्तिवादांनाच लागू पडतो. तत्त्वज्ञानातील निबंधात पहिल्या पायरीवर दुसरी उभी असते. तेथे एक पायरी काढली की निष्कर्षच निराधार होतो. तेथे उदाहरणेच कमी करावी लागतात, आणि एकाच विधानाची तीन उदाहरणे असतील तर त्यांतील सर्वांत तपशीलवार एक ठेवून दोन काढणे इष्ट. इतिहासलेखनातही उदाहरणांची अशी पुनरुक्ती आढळते. सुप्याचा वृत्तान्त सविस्तर दिल्यावर त्याच स्वरूपाच्या आणखी चार गावांची गरज बहुधा नसते.

संक्षेपात आक्षेपाचे उत्तर हाही एक युक्तिवादच समजून सर्वांत आधी वगळला जातो. वस्तुतः कर्जबाजारीपणा तर पूर्वीही होता, मग दंगा 1875 मध्येच का, हा आक्षेप वाचकाच्या मनात येणारच. कापसाचा भाग काढल्यावर तर तो अधिकच तीव्र होतो. म्हणून त्याच्या उत्तरासाठी दोन-चार वाक्ये राखून ठेवावी लागतात.

कापणी झाल्यावर दोन ठिकाणी हमखास खुणा राहतात. ‘म्हणून’, ‘वरील विवेचनावरून’ यांसारखे शब्द आता नसलेल्या मजकुराकडे बोट दाखवतात. त्याहून सहज निसटतात ते ‘अनेक’, ‘बहुसंख्य’, ‘सर्वत्र’ हे शब्द. पाच गावांच्या आधारे लिहिलेले ‘अनेक गावांत’ एकट्या सुप्याच्या वृत्तान्तापाशी तसेच राहिले, तर पुरावा कमी होऊनही दावा तेवढाच राहतो. तेथे ‘सुपे येथे’ असे लिहिणे प्राप्त ठरते.