बाण कोकणात, रंग बदलतो वाईत

शाळा बुडवलेल्या मुलासाठी वर्गाच्या ग्रुपवर भूगोलाच्या पानाचा फोटो येतो. वर अंगठ्याची सावली, उजवीकडे बांधणीपाशी पान वाकलेलं, त्यामुळे बंगालचा उपसागर चेपलेला. नकाशात भरपूर बाण आणि रंगांचे पट्टे; शीर्षक मात्र फोटोत कापलं गेलेलं. हा नकाशा जुलैचा की जानेवारीचा, इथूनच घरात वाद सुरू होतो.

ते बाणांवरूनच कळतं. बाण अरबी समुद्रातून केरळ-कोकणाच्या किनाऱ्यावर येत असतील, तर ते नैऋत्य मोसमी वारे, म्हणजे पावसाळा. जमिनीकडून समुद्राकडे निघाले असतील, तर हिवाळा. वाऱ्याचं नाव तो जिथून येतो त्या दिशेवरून ठेवतात, जातो त्या दिशेवरून नव्हे. मुलं हमखास इथे चुकतात.

नकाशा विषुववृत्ताच्या खालपर्यंत असेल, तर तिथे बाण वळलेले दिसतात. ती चित्रकाराची हौस नव्हे. दक्षिण गोलार्धातले आग्नेय व्यापारी वारे वायव्येकडे निघतात. विषुववृत्त ओलांडलं की पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते उजवीकडे वळतात आणि भारताकडे नैऋत्येकडून येतात.

आता रंगांचे पट्टे. पश्चिम किनाऱ्याला लागून जास्त पावसाच्या हवामानाची चिंचोळी पट्टी, आणि तिच्या पलीकडे लगेच निमशुष्क प्रदेशाचा फिकट रंग. बाण दोन्हींवरून सरळ पुढे जातो. वारा तोच, मग रंग का बदलला? उत्तर सह्याद्रीत आहे, आणि सपाट नकाशात सह्याद्री उभा दिसत नाही.

महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई ही तीन गावं घेतली की हे उलगडतं. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रस्त्याने जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या साधारण एक तृतीयांश. घाट उतरून वाईत आलं की आकडा हजाराच्याही खाली. पाऊस नुसत्या उंचीमुळे पडतो असं मानणाऱ्याला पाचगणी कोड्यात टाकते, कारण उंचीत ती महाबळेश्वरापेक्षा फक्त शंभरेक मीटरने कमी आहे. फरक उंचीचा कमी आणि जागेचा जास्त. महाबळेश्वर कोकणाकडच्या कड्यावर आहे. समुद्रावरून आलेली ओली हवा त्या कड्याला अडते, वर चढते, थंड होते आणि तिथेच मोकळी होते. पाचगणीपर्यंत पोचते ती बरंचसं ओझं उतरवलेली हवा. पुढे वाईकडे ती साडेसहाशे मीटरच्या आसपास खाली येते. खाली येणारी हवा दाबली जाऊन तापते. एवढ्या उतारात साधारण सहा अंशांनी. तापलेल्या हवेत बाष्प मावतं, म्हणून ढग विरतात. हाच पर्जन्यछायेचा प्रदेश.

आता हे सगळं फोटोतल्या नकाशावर शोधू गेलं तर सापडणार नाही. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३२१४ किलोमीटर. ती पानावर सोळा सेंटिमीटरांत बसवली, तर एक मिलिमीटर म्हणजे वीस किलोमीटर. महाबळेश्वर आणि वाईमधलं सरळ अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे पानावर मिलिमीटरहून थोडं जास्त, जवळपास पेन्सिलीच्या बोथट टोकाएवढं. त्यामुळे दोन रंगांमधली रेघ नेमकी कुठे आहे यावरून भांडण्यात अर्थ नाही. ती रेघच एका तालुक्याएवढी जाड आहे.

बाणाची लांबी पाहून पावसाचा अंदाज करणंही फसवं. पाठ्यपुस्तकातले बाण बहुधा फक्त दिशा सांगतात, आणि तीही सरासरीची. बाणांच्या जोडीला आगमनाच्या तारखांच्या रेषा असतील, तर पुस्तक कधीचं आहे ते पाहावं. हवामान खात्याने २०२० मध्ये या तारखा बदलल्या. केरळची १ जून कायम राहिली, मुंबईची १० जूनची ११ जून झाली, आणि मोसमी पाऊस देशभर पोचण्याची तारीख १५ जुलैवरून ८ जुलैवर आली.

शेवटचा पेच नकाशाच्या उजव्या बाजूला, नेमका पान वाकलेल्या जागी आहे. जुलैचे बाण चेन्नईपर्यंत पोचलेले दिसतात, तरी त्या किनाऱ्याचा रंग वेगळा. कारण तेच: पश्चिम घाट ओलांडताना वारा कोरडा झालेला असतो, आणि बंगालच्या उपसागरावरची शाखा तमिळनाडूच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर निघून जाते. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. तेव्हा वारे ईशान्येकडून येतात, उपसागरावरून जाताना बाष्प उचलतात आणि याच किनाऱ्यावर धडकतात. त्यासाठी दुसरा, उलट्या बाणांचा नकाशा लागतो. तो बहुतेक पुढच्या पानावर असतो, आणि फोटो काढणाऱ्याने ते पान उलटलेलं नसतं.