पनीरची एक भाजी, चार घरं

हॉटेल मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत हमखास पडणारा एक प्रश्न आहे. पाच-सहा पदार्थांचा तक्ता दिलेला असतो. प्रत्येकाची विक्रीची किंमत, कच्च्या मालाचा खर्च आणि महिन्यात खपलेल्या प्लेट दिलेल्या असतात. पदार्थांची ‘स्टार’, ‘प्लाउहॉर्स’, ‘पझल’ आणि ‘डॉग’ अशी वर्गवारी करा आणि प्रत्येकाबाबत शिफारस लिहा, असं विचारलेलं असतं. गणित बेरीज-भागाकाराचंच आहे, तरी बरेच मार्क इथेच जातात. कुठे जातात ते एका उदाहरणावरून पाहू.

ही पद्धत अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचे मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी १९८२ साली मांडली. त्यांच्या आधी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने कंपन्यांच्या निरनिराळ्या धंद्यांसाठी चार घरांचा चौकोन काढला होता. कासावाना-स्मिथ यांनी तो मेन्यूकार्डावर आणला. प्रत्येक पदार्थाला दोनच प्रश्न विचारायचे: लोक तो पुरेसा मागवतात का, आणि एका प्लेटमागे तो पुरेसे पैसे सोडतो का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर तो स्टार. भरपूर खपतो पण पैसे कमी सोडतो तो प्लाउहॉर्स, म्हणजे नांगराला जुंपलेला घोडा. पैसे चांगले सोडतो पण खपत नाही तो पझल, आणि दोन्हीकडे कमी पडतो तो डॉग.

‘पैसे सोडतो’ याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. विक्रीच्या किमतीतून कच्च्या मालाचा खर्च वजा केला की उरते ती रक्कम म्हणजे कॉन्ट्रिब्यूशन मार्जिन. विद्यार्थी तिला नुसतं सीएम म्हणतात. यातूनच पगार, भाडं, गॅस, वीज भागवायची आणि मग नफा. कच्च्या मालात प्लेटबरोबर जाणारा कांदा, लिंबू, पापडही धरायचा असतो.

समजा, मुंबईतल्या एका रेस्टॉरंटच्या मेन कोर्सचा महिन्याचा तक्ता असा आहे. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत.

| पदार्थ | किंमत (रु.) | खर्च (रु.) | सीएम (रु.) | प्लेट |
|---|---|---|---|---|
| चिकन बिर्याणी | ३२० | १३० | १९० | ३०० |
| डाळ खिचडी | १६० | ४० | १२० | ३३० |
| पनीर मसाला | २७० | १०० | १७० | १५० |
| सुरमई फ्राय | ४८० | २३० | २५० | ११० |
| व्हेज कोल्हापुरी | २१० | ८० | १३० | ११० |

एकूण १,००० प्लेट. आधी खपाची रेषा ठरवायची. पाच पदार्थांत विक्री सारखी वाटली गेली असती, तर प्रत्येकाच्या वाट्याला २० टक्के आली असती. पण विक्री कधीच सारखी वाटली जात नाही. म्हणून कासावाना-स्मिथ यांनी समान वाट्याच्या ७० टक्क्यांवर रेषा ओढली. २० टक्क्यांचे ७० टक्के म्हणजे १४ टक्के, म्हणजेच इथे १४० प्लेट. हे ७० टक्के निसर्गनियम नाहीत, त्यांनी ठरवलेला संकेत आहे. प्रश्नात वेगळं काही सांगितलं नसेल तर तोच वापरायचा.

मग पैशांची रेषा. प्रत्येक पदार्थाचा सीएम त्याच्या प्लेटनी गुणून बेरीज केली की १,६३,९०० रुपये होतात. त्याला १,००० ने भागलं की सरासरी १६३.९० रुपये.

आता बिर्याणी स्टार, खिचडी प्लाउहॉर्स, सुरमई पझल आणि व्हेज कोल्हापुरी डॉग, हे चटकन ठरतं. खरी परीक्षा पनीरची आहे. ते १५० प्लेट खपलं, म्हणजे १४० च्या वर. सीएम १७०, म्हणजे १६३.९० च्या वर. तेव्हा पनीर स्टार.

पण ७० टक्के लावायला विसरलेला विद्यार्थी खपाची रेषा २०० प्लेटवर ओढतो आणि पनीर पझल ठरवतो. दुसरा विद्यार्थी पाच सीएमची नुसती बेरीज करून पाचाने भागतो. त्याची सरासरी १७२ येते आणि पनीर प्लाउहॉर्स होतं. दोन्ही चुका करणाऱ्याच्या हातात ते डॉग होऊन मेन्यूतून काढायची शिफारस होते! साधी सरासरी इथे चुकते, कारण तिच्यात ११० प्लेट खपणाऱ्या सुरमईला ३३० प्लेट खपणाऱ्या खिचडीइतकंच वजन मिळतं. गल्ल्यात मात्र पैसे प्लेटगणिक येतात.

चांगला परीक्षक रेषेलगतचा असा एक पदार्थ तक्त्यात मुद्दाम ठेवतो असं मला वाटतं, आणि ठेवायलाच हवा. बाकीचे पदार्थ चुकीच्या पद्धतीनेही योग्य घरात पडू शकतात.

आणखी एक सवय मोडावी लागते, ती फूड कॉस्टची टक्केवारी पाहण्याची. टक्केवारीने पाहिलं तर खिचडी उत्तम, कारण किमतीच्या २५ टक्केच खर्च. सुरमई सगळ्यांत वाईट, जवळपास ४८ टक्के. पण सुरमईची एक प्लेट २५० रुपये सोडते आणि खिचडीची १२०. पगार टक्क्यांत देता येत नाही, रुपयांत द्यावा लागतो. या पद्धतीचा सारा जोर यावरच आहे.

शिफारशींच्या भागात ‘प्लाउहॉर्सची किंमत वाढवा’ एवढंच लिहिलेलं उत्तर अर्धवट असतं. खिचडी १६० ची १७० केली तर सीएम १३० होतो. आधीचे ३९,६०० रुपये यायला ३०५ प्लेट पुरतात. म्हणजे २५ गिऱ्हाइकं गेली तरी नुकसान नाही, त्याहून जास्त गेली तर आहे. रोजचं, सगळ्यांना किंमत पाठ असलेलं जेवण असेल तर दहा रुपयेही बोचतात. अशा वेळी किंमत तीच ठेवून खिचडीसोबत ताक किंवा सोलकढी खपवणं बरं.

पद्धतीच्या मर्यादाही उत्तरात यायला हव्यात. सुरमई स्वच्छ करण्यात किती वेळ जातो, न खपलेले तुकडे किती वाया जातात, हे तक्त्यात दिसत नाही. तुलना मेन कोर्सची मेन कोर्सशीच करायची, त्यात चहा-कॉफी मिसळली तर सरासरीच कोसळते. शिवाय सगळ्या रेषा सरासरीच्या असल्यामुळे एक पदार्थ हलला की बाकीचेही हलतात.

हे व्हेज कोल्हापुरी काढून पाहिलं की कळतं. तिची ११० गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली असं धरा. उरले चार पदार्थ आणि ८९० प्लेट. खपाची रेषा आता साडेसतरा टक्क्यांवर, म्हणजे जवळपास १५६ प्लेटवर येते. पनीरच्या १५० प्लेट तेवढ्याच आहेत, किंमत तीच आहे, तरी ते स्टारचं पझल झालं. सरासरी सीएम १६३.९० वरून १६८.०९ वर चढली. कागदावर मेन्यू सुधारला, पण एकूण सीएम १,६३,९०० वरून १,४९,६०० वर उतरला.

ती सगळी गिऱ्हाइकं खिचडीकडे वळली, तर तोटा फक्त १,१०० रुपयांचा. सगळी पनीरकडे वळली, तर ४,४०० रुपयांचा फायदा. आणि सहाजणांच्या टेबलावरच्या एका शाकाहारी माणसाला तिखट भाजीच हवी असेल, तर त्याच्यासोबतचे बिर्याणी मागवणारे पाचही उठून जाऊ शकतात. म्हणून ‘डॉग, काढून टाका’ असं लिहिण्याआधी त्या ११० प्लेट कोण मागवतं आणि ती नसेल तेव्हा काय मागवतं, हे वाढप्यांना विचारून घ्यावं. तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात ते सापडत नाही.