‘सर्व त्रुटी दूर केल्या’ म्हणजे नक्की काय केलं?

“आपल्या नोटिशीत नमूद केलेल्या सर्व त्रुटींची पूर्तता करण्यात आली आहे. यापुढे अशी चूक होणार नाही. तरी सहकार्य करावे, ही नम्र विनंती.” छोट्या हॉटेलवाल्याचं अन्न व औषध प्रशासनाला गेलेलं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. टाइप करून देणारा भाडेकरारही याच सुरात लिहितो. या तीन वाक्यांत नम्रता भरपूर आहे, पण स्वयंपाकघरात काय बदललं ते त्यांतून कळत नाही. नोटिशीला हवं असतं नेमकं तेच.

ही नोटीस येते अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ३२ खाली. तिला ‘सुधारणा नोटीस’ म्हणतात. तपासणी करतो अन्न सुरक्षा अधिकारी, पण नोटीस काढतो पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे महाराष्ट्रात सहसा सहायक आयुक्त (अन्न). कोणत्या नियमाचं पालन झालेलं नाही, असं का वाटतं आणि त्यावर काय करायचं, हे तिच्यात लिहिलेलं असावं लागतं. सुधारणेसाठी मुदत किमान १४ दिवसांची द्यावी लागते. मुदतीत सुधारणा झाली नाही तर परवाना निलंबित होऊ शकतो. त्यानंतरही काही हललं नाही तर कारणे दाखवायची संधी देऊन तो रद्दही होतो. लोकांच्या आरोग्याला धोका दिसला तर कारण नोंदवून परवाना लगेच निलंबित करायचा अधिकारही याच कलमात आहे.

याच कलमातल्या एका शब्दाकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष जातं. अधिकाऱ्याने सांगितलेले उपाय ‘किंवा किमान त्यांच्या तोडीचे उपाय’ करावेत, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे नोटिशीत यंत्र बसवा म्हटलं असेल आणि यंत्राशिवाय तोच परिणाम साधता येत असेल, तर तो मार्ग हॉटेलवाल्याला मोकळा आहे. अट एवढीच की परिणाम तोच येतो हे त्याने दाखवलं पाहिजे. आणि ते दाखवायची जागा म्हणजे उत्तराचा कागद.

उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावी आठ टेबलांचं, पाच माणसांचं एक हॉटेल आहे. सकाळी साडेनऊला तपासणी झाली. मोठ्या पातेल्यात अंदाजे १८ लिटर ग्रेव्ही रात्रीपासून ओट्यावर होती. फ्रीजमधलं तापमान ११ अंश भरलं. कच्चं चिकन वरच्या कप्प्यात आणि शिजवलेली डाळ त्याच्या खाली होती. तीन कामगारांची वैद्यकीय प्रमाणपत्रं नव्हती. पाण्याचा तपासणी अहवाल जुना झाला होता. शिवाय मोरीवर जाळी नव्हती आणि छताचा रंग पोपडे धरून खाली येत होता. नोटिशीत पहिल्या मुद्द्यापुढे लिहिलं होतं: ‘शिजवलेले अन्न जलद थंड करण्याची यंत्रणा बसवावी.’

मालकाचा पहिला विचार काय असतो? ग्रेव्ही फेकली, फ्रीजवाल्याला बोलावलं, झालं. पण फ्रीजवाला येऊन गेला आणि म्हणाला, मशीन ठणठणीत आहे, दाराचं रबरही बरं आहे. मग ११ अंश आले कुठून? रात्री अकराला हॉटेल बंद होताना पोरं डाळीची आणि भाताची पातेली गरमगरम फ्रीजमध्ये सरकवून घरी जात. फ्रीज थंड वस्तू थंड ठेवण्यासाठी असतो. वाफाळत्या पातेल्याची उष्णता ओढून घ्यायला त्याला रात्र पुरत नाही, आणि तोवर शेजारचं दूध नि पनीरही कोमट होतं. ग्रेव्हीचं मोठं पातेलं आत मावतच नव्हतं, म्हणून ते ओट्यावर राहिलं. नोटिशीत या दोन वेगळ्या त्रुटी होत्या, पण त्यांचं कारण एकच: अन्न थंड व्हायच्या वेळी स्वयंपाकघरात कोणी नसे.

ग्रेव्ही उकळलेली होती, सकाळी पुन्हा उकळणारच होती, मग बिघडलं कुठे, असं वस्ताद विचारतो. प्रश्न रास्त आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूची बीजं उकळीतही तग धरतात. पातेलं निवू लागलं की ती रुजतात. ४५ अंशांच्या आसपास हा जिवाणू सर्वांत वेगाने वाढतो. सगळं मनासारखं असेल तर दहाएक मिनिटांत दुप्पट होतो. भातातल्या बॅसिलस सेरियसचं दुखणं निराळं. तो अन्नातच असं विष सोडतो की नंतर कितीही उकळलं तरी ते जात नाही. म्हणून तापमान ६० अंशांवरून २१ पर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या दोन तासांत उतरलं पाहिजे, असा दंडक आहे. खोल पातेल्यात हे होत नाही. दाट ग्रेव्ही स्वतःहून फारशी फिरत नाही. त्यामुळे थर दुप्पट जाड असला की निवायला वेळ जवळपास चौपट लागतो. वरची साय हाताला गार लागते आणि मधे थर्मामीटर खुपसला तर ५० दाखवतो.

आता यंत्रणा. झटपट थंड करणारं यंत्र, ज्याला धंद्यात ब्लास्ट चिलर म्हणतात, ते आठ टेबलांच्या हॉटेलला परवडत नाही. त्याच्या तोडीचा उपाय म्हणजे पन्नास बाय तीस सेंटिमीटरच्या तीन स्टीलच्या ट्रे, प्रत्येकीत सहा लिटर ग्रेव्ही, म्हणजे चार सेंटिमीटरचा थर. त्या बर्फाच्या पाण्यात ठेवायच्या आणि मधूनमधून ढवळायच्या. करून पाहिलं तर दीड तासात २१ अंश येतात. पण रात्री अकराला सुरू केलं तर पुढचं माप घ्यायला रात्री तीनपर्यंत कोण थांबणार? इथे बरीच उत्तरं खोटी पडतात. कागदावर चार तास लिहिलेले असतात आणि हॉटेलला साडेअकरालाच कुलूप लागतं.

या मालकाने वेळच बदलली. दुसऱ्या दिवशीची ग्रेव्ही दुपारची गर्दी ओसरल्यावर, तीन वाजता शिजवायची. चार वाजता ती ट्रेमध्ये जाते, साडेपाच-पावणेसहाला फ्रीजमध्ये वेगवेगळ्या कप्प्यांत आणि साडेसातला ५ अंशांवर येते. तेव्हा सगळी माणसं हजर असतात. रात्री उरलेली डाळ, भात, ग्रेव्ही टाकून द्यायची. त्याचा खर्च दिसतो, म्हणून पंधरवड्यात भात आपोआप बेताचा शिजू लागला.

उत्तरात हा मुद्दा असा आला:

“मुद्दा १ व २. तपासणीच्या दिवशी आढळलेली ग्रेव्ही व फ्रीजमधील शिजवलेले अन्न त्याच दिवशी नष्ट केले. कारण: अन्न रात्री बंद करताना थंड होण्यास ठेवले जात होते, त्या वेळी देखरेखीस कोणी नसे, गरम पातेली फ्रीजमध्ये ठेवल्याने त्याचे तापमान वाढत होते. केलेला बदल: ग्रेव्ही दुपारी ३ वाजता शिजवून उथळ ट्रेमध्ये बर्फाच्या पाण्यात थंड केली जाते. रात्री उरलेले शिजवलेले अन्न ठेवले जात नाही. यंत्राऐवजी हा समतुल्य उपाय स्वीकारावा, ही विनंती. जबाबदारी: मुख्य आचारी. पुरावा: थर्मामीटरचे बिल, ट्रेचे छायाचित्र, १० दिवसांच्या तापमान नोंदी.”

आधी काय फेकलं, मग का घडलं, मग काय बदललं, कोण बघणार आणि पुरावा काय, हा क्रम मी कोणत्याही मुद्द्याला सोडणार नाही. पहिली गोष्ट फक्त त्या दिवसापुरती असते. पुन्हा तसं घडू नये, याची सोय बाकीच्यांत असते.

तापमानाच्या नोंदींबद्दल थोडं सांगायला हवं. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ‘४, ४, ४, ४’, एकाच पेनाने, एकाच हातचं, असा तक्ता अधिकारी एका नजरेत ओळखतो. खऱ्या तक्त्यात ४.५ असतं, ६ असतं, आणि एखाद्या दिवशी ‘९ – दार उघडं राहिलं, तासाने ५’ असंही असतं. ते ९ लपवू नका. चुकलं तर तुम्ही बघता आणि काहीतरी करता, याचा तोच पुरावा असतो. थर्मामीटर खरा आहे ना हेही महिन्यातून एकदा बघावं. पेलाभर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्याचं टोक बुडवलं की त्याने शून्य दाखवायला हवं.

बाकीचे मुद्दे त्यामानाने सरळ होते. चिकन सर्वांत खालच्या कप्प्यात गेलं, कप्प्यांवर पट्ट्या लागल्या आणि कच्च्या मांसासाठी लाल कटिंग बोर्ड वेगळा झाला. मोरीला जाळी बसली. वैद्यकीय प्रमाणपत्रांत मात्र मेख होती. ती दरवर्षी लागतात आणि टायफॉइडची लसही त्यातच येते. तिघांचं मेडिकल एका दिवसात झालं, पण हॉटेलातली पोरं तीन महिन्यांत बदलतात. म्हणून ‘मेडिकल झाल्याशिवाय नवा माणूस ओट्यावर उभा राहणार नाही’ हा बदल उत्तरात लिहावा लागला.

दोन गोष्टी मुदतीत होण्यासारख्या नव्हत्या. पाणी सहा महिन्यांतून एकदा तपासून घ्यावं लागतं. नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिला होता, पण अहवाल यायचा होता. छताचं काम घरमालकाच्या संमतीवर अडलं होतं. अशा वेळी ‘पूर्तता केली’ लिहिण्याचा मोह होतो. पण फेरतपासणीत पोपडे डोक्यावरच असतात, आणि एक विधान खोटं निघालं की बाकीच्या खऱ्या विधानांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा ‘नमुना दिला, पावती जोडली आहे, अहवाल मिळताच सादर करू; छताच्या कामासाठी अमुक तारखेपर्यंत मुदतवाढ मिळावी, तोवर त्या भागाखालचा ओटा वापरात नाही’ असं लिहावं. ही विनंती मुदत संपायच्या आत पोचली पाहिजे.

आणि एखादा मुद्दा चुकीचा वाटला तर? तोही शांतपणे, पुराव्यासह लिहावा. नोटीसच अमान्य असेल तर अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील करता येतं. त्यासाठी १५ दिवस मिळतात. नोटिशीतली मुदत आधी संपत असेल तर तेवढेच.

नोटीस ऑनलाइन आली असेल तर उत्तरही त्याच पोर्टलवर चढवा. कागद कार्यालयात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून निघू नका. ती प्रत आणि तापमानाची वही हॉटेलातच ठेवा. फेरतपासणीला येणारा अधिकारी वेगळा असू शकतो, आणि तो या उत्तराच्या एकेका ओळीवर बोट ठेवूनच विचारेल.