लक्षणांआधीचे दोन दिवस

मार्च २०२० मध्ये परदेशातून परतलेल्या प्रवाशांच्या डाव्या हातावर महाराष्ट्रात ‘होम क्वारंटाइन’चे शिक्के बसू लागले. क्वारंटाइन, आयसोलेशन आणि कॉन्टॅक्ट ट्रेसिंग हे तीन शब्द तेव्हापासून घराघरांत एकमेकांच्या जागी वापरले गेले. प्रत्यक्षात हे तीन उपाय वेगळे आहेत, आणि प्रत्येकाचे समर्थनही वेगळे असते.

विलगीकरण, म्हणजे आयसोलेशन, आजारी माणसाचे करतात. तो इतरांना संसर्ग देऊ शकतो हे ठाऊक असते, म्हणून त्याला बाजूला ठेवायला फारशी कारणे द्यावी लागत नाहीत. अलगीकरण, म्हणजे क्वारंटाइन, धडधाकट माणसाचे होते. त्याचा दोष एवढाच, की तो रुग्णाच्या जवळ होता. त्याला खरोखर लागण झाली आहे की नाही, हे कोणालाच माहीत नसते. निकट सहवासितांचा शोध, म्हणजे कॉन्टॅक्ट ट्रेसिंग, ही तर बंदीच नाही. ती एक यादी असते आणि तिचे पुढे काय करायचे हे आजारावर ठरते.

कोणता उपाय कधी लावायचा, हे बहुतांशी एका प्रश्नावर अवलंबून असते: रुग्ण इतरांना संसर्ग द्यायला कधी लागतो, लक्षणे दिसण्याआधी की नंतर? आजार किती जीवघेणा आहे हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, पण उपाय चालेल की नाही हे तो सांगत नाही.

२००३ च्या सार्स साथीत याचे उत्तर माणसाच्या बाजूने होते. एक रुग्ण सरासरी तिघांना लागण करत होता, पण ताप येण्याआधी जवळपास कोणालाच नाही. विषाणूचे प्रमाण वाढत जाऊन आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात शिखर गाठत असे. त्यामुळे ताप आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जरी रुग्ण वेगळा ठेवला, तरी तिघांपैकी बहुतेकांची लागण टळत होती. ना लस, ना खात्रीचे औषध. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने ५ जुलै २००३ रोजी साथ आटोक्यात आल्याचे जाहीर केले. तोवर सुमारे ८,१०० जणांना आजार झाला होता आणि ७७४ मृत्यू झाले होते.

त्याच साथीत अलगीकरणाचा अतिरेकही झाला. तैवानने सुमारे १ लाख ३१ हजार लोकांना घरात बसवले. त्यातले ५० हजार रुग्णांचे सहवासित होते. त्यांच्यात संशयित किंवा संभाव्य सार्सचे ११२ जण निघाले. उरलेले ८० हजार केवळ बाधित भागातून प्रवास करून आलेले होते; त्यांच्यात निघाले २१. बीजिंगमधल्या पाहणीत असे दिसले, की रुग्णाला लक्षणे येण्यापूर्वीच ज्यांचा त्याच्याशी संबंध आला होता, त्यांच्यापैकी कोणालाही सार्स झाला नव्हता. म्हणजे आजारी माणसाच्या सहवासितांपुरते अलगीकरण पुरेसे होते.

कोविडमध्ये हाच हिशेब उलटला. सुरुवातीच्या विषाणूचा एक रुग्ण साधारण अडीच जणांना लागण करत होता, असे धरू. २०२० मधल्या एका गाजलेल्या अभ्यासाचा अंदाज होता, की त्यातली सुमारे ४४ टक्के लागण लक्षणांआधीच होते. अडीचचे ४४ टक्के म्हणजे १.१. घसा खवखवताक्षणी प्रत्येक रुग्ण खोलीत बंद झाला, तरी तोवर तो एकाहून किंचित अधिक जणांना लागण देऊन बसलेला असणार. आकडा एकाच्या वर राहिला की साथ वाढतच राहते. नुसते विलगीकरण इथे तोकडे पडते आणि धडधाकट सहवासिताला थांबवण्याचे खरे कारण इथेच मिळते.

पण अशा थांबवण्यालाही मुदत असते. समजा, एका कारकुनाला १ तारखेला लागण झाली. ४ तारखेपासून तो संसर्ग देऊ लागला आणि त्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला लागण झाली. ६ तारखेला कारकुनाचा घसा दुखू लागला. ‘थंड प्यायल्याने झालं असेल’ म्हणून त्याने दोन दिवस काढले. ८ ला स्वॅब, ९ ला अहवाल आणि १० ला सहकाऱ्याला पालिकेचा फोन. तो सहकारी मात्र ७ पासूनच इतरांना लागण देत होता. यादी अचूक, फोन वेळेवर नोंदलेला, उपयोग मात्र निम्मा गेलेला. हाच स्वॅब ६ तारखेला झाला असता आणि फोन ७ ला गेला असता, तर साखळी तिथे तुटण्याची शक्यता होती. लागण लक्षणांआधीच होत असल्याने शोधपथके रुग्णाला लक्षणांच्या दोन दिवस आधीपासूनच्या भेटी विचारत. शोधाचे यश किती नावे मिळाली यावर मोजू नये. लक्षण दिसल्यापासून सहवासितापर्यंत पोहोचायला किती दिवस लागले, यावर मोजावे.

आंध्र प्रदेश आणि तामिळनाडूत २०२० मध्ये पावणेसहा लाख सहवासितांचा अभ्यास झाला. जास्त जोखमीच्या सहवासितांतही शंभरात सुमारे अकरा जणांनाच लागण झालेली होती. म्हणजे अलगीकरणात बसलेल्या दहांपैकी जवळपास नऊ जण इतरांसाठी रोजगार बुडवत होते. त्यांच्या जेवणाची, मजुरीची सोय न करता कुलूप लावले, तर पुढचा रुग्ण सहवासितांची नावेच लपवतो आणि शोधाची यादी तिथेच कोरडी पडते. धारावीत छोट्या खोल्या आणि सार्वजनिक शौचालये असताना ‘घरीच थांबा’ म्हणण्याला अर्थ नव्हता. मुंबई महापालिकेने शाळा, सभागृहे आणि क्रीडासंकुलात राहण्या-जेवण्याची सोय केली, म्हणून तिथले अलगीकरण शक्य तरी झाले.

फ्लूचा वेग याहूनही जास्त. लागण झाल्यापासून लक्षणे यायला एक ते चार दिवस पुरतात आणि एका रुग्णापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर जेमतेम तीन दिवसांचे असते. पथक दारात पोहोचेपर्यंत साथ दोन घरे पुढे गेलेली असते. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू झाला आणि नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या. त्याच महिन्यात केंद्राने रुग्णांचे अ, ब, क असे गट केले: सौम्य आजाराला तपासणी नको, घरी थांबा, गंभीर असेल तरच तपासणी आणि भरती. विमानतळावर पहिले काही रुग्ण येत असताना शोधाला अर्थ असतो. गावात साथ पसरली की शोधपथकातली माणसे उपचाराकडे वळवणे शहाणपणाचे.

क्षयरोगाची तऱ्हा चौथीच. १९५० च्या दशकात मद्रासमध्ये गरीब वस्तीतल्या काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये, तर काहींना घरीच ठेवून औषधे दिली. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना क्षय होण्याचे प्रमाण जास्त निघाले नाही, कारण घरातली बरीचशी लागण निदानाआधीच झालेली असते आणि औषध सुरू झाले की संसर्ग झपाट्याने कमी होतो. तेव्हा क्षयात महिनोन्महिन्यांचे विलगीकरण सहसा नको आणि सहवासितांचे अलगीकरण तर नकोच. शोध मात्र हवाच. आजार दिसायला महिने, वर्षे लागतात, त्यामुळे घरातल्यांना तपासून प्रतिबंधक औषध द्यायला भरपूर अवधी मिळतो.

उत्तर आजारागणिक बदलते, तसे एकाच आजारात काळानुसारही बदलते. ओमायक्रॉनमध्ये लागणीपासून लक्षणांपर्यंतचा काळ तीन दिवसांवर आला आणि लसीकरणही बरेच झाले होते. जानेवारी २०२२ मध्ये आयसीएमआरने सांगितले, की वय किंवा सहव्याधींमुळे धोका नसलेल्या सहवासितांची तपासणी करण्याची गरज नाही. काहींना ही शिथिलता वाटली. पण ज्या शोधाने साखळी तुटत नाही, त्यासाठी नऊ निरोगी माणसांना डांबण्याचा अधिकार कोणत्याही यंत्रणेला उरत नाही.