खाट तुमची, खोली मालकाची

वसतिगृह प्रवेशाच्या याद्या लागल्या. जागा किती, अर्ज किती, प्रतीक्षायादी कुठवर गेली, हे सगळं छापून आलंय. ते पुन्हा सांगत नाही. यादीत नाव नसलेली मुलं-मुली आता चंद्रपुरात आणि गडचिरोलीत सोय शोधत फिरताहेत. हा लेख त्यांच्या सहीबद्दल आहे. खाट मिळाल्याच्या आनंदात ती सही एका छापील कागदावर होते आणि कागद कोणी वाचत नाही.

ओळखीतल्या एका मुलीसोबत मी अशीच एक जागा बघायला गेलो होतो. मुलगी एटापल्ली तालुक्यातली, पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या शहरात राहणार. खोलीत चार लोखंडी खाटा, चार कपाटं, भिंतीवर जेवणाच्या वेळांचा तक्ता. खोलीच्या दाराला आतून कडी होती, बाहेर कुलूप लावायचा कोयंडाच नव्हता. मालकांनी फॉर्म पुढे केला. वर ‘प्रवेश अर्ज’, खाली चौदा नियम. नववा नियम असा, की राहणाऱ्या व्यक्तीचा जागेवर ताबा अथवा कोणताही हक्क राहणार नाही. अकरावा, की व्यवस्थापन कारण न देता दोन दिवसांत जागा रिकामी करायला सांगू शकेल. मुलीनं खाली सही केली आणि विचारलं, “काका, कुलूप आणू का?” मालक म्हणाले, “कपाटाला आण. खोलीला नाही लागत.”

त्या उत्तरात जवळजवळ सगळा कायदा आला.

आपल्याकडे मुलं ‘रूम करून राहतात’ तेव्हा तिघं-चौघं मिळून एक खोली किरायानं घेतात, स्वतःचं कुलूप लावतात, स्टोव्ह पेटवतात. मालकाला आत यायचं तर दार ठोठवावं लागतं. पीजी किंवा खासगी हॉस्टेलमध्ये मुलगी पैसे देते ते खाटेचे, जेवणाचे, पाण्याचे. खोली मालकाच्याच ताब्यात राहते. तो मधल्या खाटेवर उद्या आणखी कोणाला आणून बसवू शकतो, किंवा हिलाच वरच्या मजल्यावर हलवू शकतो. किराया आणि परवानगी यांतला फरक न्यायालयं इथेच शोधतात. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलमधल्या काही खोल्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्याचा १९५९ चा निकाल अजूनही प्रत्येक वकिलाच्या तोंडी असतो: कागदाला नाव काय दिलं यापेक्षा व्यवहार खरा काय होता ते बघा, आणि माणसाला जागेचा एकट्याचा ताबा मिळाला होता का ते बघा. ताबा असेल तर सकृद्दर्शनी तो किरायदार. नसेल, तर दुसऱ्याच्या जागेत राहायची परवानगी मिळालेला माणूस, कायद्याच्या भाषेत लायसन्सी.

लायसन्सीलाही महाराष्ट्रात थोडीफार जागा आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं ओझं मालकावर. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही आहे. बरं वाटतं वाचायला. पण त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये लायसन्सीची व्याख्या आहे आणि व्याख्येच्या मध्यावर ‘यात पुढील व्यक्तींचा समावेश होत नाही’ अशी लांबलचक यादी. तिच्यात पेइंग गेस्ट आहे. हॉटेल, लॉजिंग, हॉस्टेल, गेस्ट हाउस, धर्मशाळा, इस्पितळ इथे राहणारा आहे. म्हणजे चार खाटांच्या खोलीतली मुलगी किरायदार तर नाहीच, त्या कायद्यापुरती लायसन्सीही नाही.

ही यादी इथल्यासाठी लिहिलेलीच नव्हती. मुंबईत १९७३ साली जुन्या रेंट अॅक्टमध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांना किरायदार मानलं गेलं. मग घरातली एक खोली पाहुण्याला देऊन भागवणाऱ्या कुटुंबांचं काय? तो पाहुणा किरायदार होऊन कायमचा बसला तर? म्हणून पेइंग गेस्ट बाहेर ठेवला. दादर-गिरगावच्या घरांसाठी ते शहाणपणाचंच होतं. विदर्भात तेव्हा तो कायदा लागू नव्हता. इथे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा १९४९ चा आदेश चालायचा आणि किरायदाराला काढायचं तर मालकाला आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागायची. ३१ मार्च २००० पासून राज्यभर एकच कायदा आला. कंट्रोलरच्या परवानगीची अट गेली आणि मुंबईची ती यादी चंद्रपूरला आली.

पण यादीतल्या पेइंग गेस्टची व्याख्याही त्याच कलमात आहे आणि ती सहसा कोणी वाचत नाही. मालक स्वतः राहतो त्या घराचा काही भाग लायसन्सवर मिळालेला, कुटुंबाबाहेरचा माणूस म्हणजे पेइंग गेस्ट. मालक नागपुरात, इथे तीन मजली इमारत आणि खाली एक वॉर्डन बाई, तर पाटीवर कितीही मोठ्या अक्षरात ‘पीजी’ लिहा, तो कायद्याचा पीजी नव्हे. मालक मग म्हणेल, हे हॉस्टेल. हॉस्टेल कशाला म्हणायचं ते कलमात दिलेलं नाही, म्हणून भांडायला वाव आहे. पण वाव असणं आणि अकरावीच्या मुलीनं तो न्यायालयात वापरणं यांत बरंच अंतर आहे. मालकांनाही नोंदणी परवडत नाही, हे मान्य करायला हवं. शहरी भागात एका कराराचं नोंदणी शुल्कच हजार रुपये. वीस खाटांचे वीस करार दर वर्षी कोण नोंदवणार?

मुलगी नेमकं काय गमावते? किरायदाराचं वीज-पाणी मालकाला सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही, तसं कलमच आहे. किराया थकला तरी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबल्याशिवाय दावा लावता येत नाही. हा कायदा परिशिष्टात नोंदलेल्या गावांनाच लागू आहे. बाहेरच्या गावात महिन्याच्या किरायदाराला निदान पंधरा दिवसांची नोटीस मिळते. पीजीतल्या मुलीला यातलं काही नाही. तिच्या वाट्याला १८८२ चा इंडियन ईझमेंट्स अॅक्ट. गंमत अशी, की मुंबई इलाख्यात तो नंतर आला, पण मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या जुन्या चांदा जिल्ह्यात, पहिल्या दिवसापासून होता. त्याप्रमाणे परवानगी साधारणपणे केव्हाही काढून घेता येते. इमारत विकली तर नवा मालक त्या परवानगीला बांधील नाही. किरायदार असती तर किरायदारी नव्या मालकाकडेही चालू राहिली असती.

तरी त्या जुन्या कायद्यात दोन कलमं मुलीच्या बाजूची आहेत. ६३ प्रमाणे परवानगी काढल्यावर निघायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळायला हवा. ६४ प्रमाणे पैसे घेऊन दिलेली परवानगी तिचा दोष नसताना मध्येच काढली तर भरपाई मिळते. समजा, महिना ४५०० रुपये जेवणासह आणि डिपॉझिट ५०००. नोव्हेंबरचे पैसे एक तारखेला दिले. बारा तारखेला संध्याकाळी सांगितलं, नर्सिंगच्या मुलींची बॅच येतेय, उद्यापर्यंत खाट रिकामी कर. तेराव्या तारखेपासून अठरा दिवस उरले. दिवसाला १५० प्रमाणे २७०० रुपये झाले. डिपॉझिट धरून ७७००. नवी जागा शोधताना झालेला खर्च वेगळा.

एवढ्यासाठी दिवाणी न्यायालयात कोण जाणार? पोलिसांकडे गेलं तर ‘हे सिव्हिल आहे’ ऐकून परत यायचं. पण मालकानं फॉर्मवर ‘ताबा नाही, फक्त सेवा’ असं ठासून लिहिलंय ना, तेच त्याच्यावर उलटतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येत भोजन आणि निवास स्पष्ट शब्दांत आहेत. किरायदाराला ग्राहक म्हणवून घेताना अडचण येते, पीजीतल्या मुलीला येत नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. आणि जंगलातल्या जिल्ह्यांसाठी सर्वांत कामाची गोष्ट: तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पीजी चंद्रपुरात किंवा नागपुरात असला तरी एटापल्लीची मुलगी गडचिरोलीत तक्रार टाकू शकते. ‘डिपॉझिट कधीच परत मिळणार नाही’ ही अटच अन्यायकारक म्हणून रद्द करून घ्यायची असेल तर मात्र जिल्हा आयोग चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. म्हणून जिल्ह्यात भांडायचं ते सेवेतल्या त्रुटीवर, पैशाच्या आकड्यासह.

आयोगाकडे खाट परत मिळत नाही, हे ध्यानात असू द्या. पैसे मिळतात, तेही उशिरा. सेमिस्टर तोवर संपलेलं असतं.

आता मला टोचणारी गोष्ट. आदिवासी विभागाच्या वसतिगृहात जागा नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजनेतून मुलांच्या खात्यात पैसे येतात. योजना सुरू झाली तेव्हाच्या दरपत्रकात चंद्रपूरसारख्या महापालिका शहरासाठी वर्षाला ५१ हजार होते, त्यांतले निवासाचे १५ हजार. गडचिरोलीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार, निवासाचे १२ हजार. दहा महिन्यांनी भागा: चंद्रपुरात महिन्याला १५००. या पैशात मिळते ती चार खाटांतली एक खाट. सरकारी वसतिगृहातून मुलीला काढलं तर प्रकल्प अधिकाऱ्याकडे जाता येतं. चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी, भामरागड अशी पाच प्रकल्प कार्यालयं या दोन जिल्ह्यांत आहेत. खासगी खाटेवरून काढलं तर त्या कार्यालयाचा काही संबंध उरत नाही. सरकार पैसे देतं आणि मुलीला स्वतःच्याच कायद्यानं यादीबाहेर ठेवलेल्या जागेत पाठवतं. योजनेसोबत अर्ध्या पानाचा ठरावीक करारनामा द्यायला काय हरकत होती? नोटीस पंधरा दिवस, डिपॉझिट महिन्याच्या आत परत, मूळ गुणपत्रिका मालकानं ठेवून घ्यायच्या नाहीत. तीन ओळी. मालकांनी कुरकुर केली असती, पण योजनेतली मुलं हीच त्यांची पक्की गिऱ्हाइकं आहेत.

तोपर्यंत हातात उरतो तो पुरावा. पैसे रोख देऊ नका; फोनवरून पाठवताना शेरा लिहा, ‘डिपॉझिट’ वेगळं, ‘जुलै’ वेगळं. भरलेल्या फॉर्मचा तिथेच फोटो काढा, कारण प्रत सहसा मिळत नाही. मालक पोलीस ठाण्यात द्यायला तुमची माहिती आणि आधारची प्रत घेतो, त्या कागदाचाही फोटो ठेवा. त्यावर तारीख असते. राहण्याबद्दलचं बोलणं व्हॉट्सअॅपवर राहील असं बघा. निघायला सांगितलं तर ‘लेखी द्या’ म्हणा, आणि नाही दिलं तर तुम्हीच मेसेज टाका: आज अमुक वाजता तुम्ही मला असं सांगितलंत.

त्या दिवशी मी मालकांना अकराव्या नियमावर बोट ठेवून विचारलं, दोन दिवसांत मुलगी एटापल्लीला सामान तरी कसं नेईल? ते चिडले नाहीत. म्हणाले, हा फॉर्म झेरॉक्सवाल्याकडून घेतला, त्यात आधीपासून असंच आहे. खिशातलं पेन काढून त्यांनी ‘दोन’ खोडलं, वर ‘पंधरा’ लिहिलं आणि बाजूला सही केली. नववा नियम खोडता का, असंही विचारून बघितलं. त्यावर त्यांनी पेन खिशात ठेवलं.