फोडणीला रशियन शब्द काय?

चितेगावच्या स्वयंपाकघरात ‘वरणाला जिरं-मोहरीची फोडणी दे’ म्हटलं की पुरे. हेच रशियनमध्ये लिहून बघा! जिऱ्यासाठी शब्दकोश अनेकदा ‘त्मिन’ देतो. पण त्मिन म्हणजे कॅरवे. तिकडे ते काळ्या पावात घालतात. दिसतं जिऱ्यासारखंच, पण वास वेगळा, वरणाची चवच बदलते. बरोबर शब्द आहे ‘ज़िरा’. उझबेकी पुलावामुळे तो तिथल्या घरांतही ओळखीचा आहे.

मोहरीचं तसंच. नुसतं ‘गर्चीत्सा’ लिहिलं, तर वाचणारा बरणीतला मोहरीचा सॉस उचलेल आणि तापल्या तेलात टाकेल. म्हणून ‘मोहरीचे दाणे’ असंच लिहायचं.

आणि फोडणी? तिला एक शब्दच नाही. ‘तेलात परता’ म्हटलं, तर तो परततच राहील आणि जिरं करपेल. त्यापेक्षा कृती उलगडून लिहा: तेल चांगलं तापवा, मोहरी टाका. ती तडतडली की जिरं, ते जरा तांबूस झालं की चिमूटभर हिंग, आणि लगेच वरणावर ओता.

आईनं मिनिटं कधी सांगितली नव्हती, आवाज आणि रंग सांगितला होता. भाषांतरातही तेच लिहायचं.