मार्केटिंगवर उलाढालीच्या किती टक्के? छोट्या कारखानदाराने आधी पाहावी स्वतःची खातेवही

नवे आर्थिक वर्ष जवळ आले की छोट्या कारखान्यात एक प्रश्न हमखास निघतो. यंदा जाहिरातीला, प्रदर्शनाला किती पैसे ठेवायचे? इंटरनेटवर याचे तयार उत्तर मिळते, उलाढालीच्या ७ ते ८ टक्के. अमेरिकेतील छोट्या व्यवसायांसाठी सांगितल्या जाणाऱ्या या ठोकताळ्यासोबत एक अटही असते. निव्वळ नफा १० ते १२ टक्के असेल, तरच तो लागू. आकडा फिरत राहतो, अट मात्र मागे राहते.

उलाढाल कोणती धरायची?

सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचे काल्पनिक उदाहरण घेऊ. तो दोन मोठ्या कंपन्यांना पत्र्याचे सुटे भाग पुरवतो आणि स्वतःच्या नावाने स्टीलची कपाटे विकतो. वर्षभराच्या बिलांची बेरीज ४ कोटी ७२ लाख रुपये. त्याच्या ८ टक्के म्हणजे जवळपास ३८ लाख. पण मार्केटिंगचा खर्च धरण्याआधी या कारखान्याचा वर्षाचा नफाच २७ लाख आहे. म्हणजे नफा जाऊन वर कर्ज काढावे लागेल.

चूक सुरुवातीलाच झाली. बिलातील १८ टक्के जीएसटी सरकारचा असतो, तो वजा केला की खरी विक्री उरते ४ कोटी. त्यातले अडीच कोटी दोन कंपन्यांच्या ठरलेल्या ऑर्डरचे आहेत. या कंपन्या फेसबुकवरची जाहिरात पाहून ऑर्डर देत नाहीत. तिथे दर, दर्जा आणि वेळेवर माल महत्त्वाचा. जाहिरातीचा संबंध येतो तो कपाटांच्या दीड कोटींशी. टक्केवारी लावायची ती याच रकमेवर.

टक्का कसा ठरतो?

कपाटाच्या १०० रुपयांच्या विक्रीत पत्रा, रंग, कुलूप आणि मजुरीवर ६८ रुपये जातात, वाहतुकीवर ५. हातात राहतात २७. दीड कोटींच्या विक्रीवर हे होतात साडेचाळीस लाख. भाडे, पगार आणि व्याज यातला कपाटांचा वाटा २४ लाख. उरले साडेसोळा लाख. मालकाला विक्रीच्या ५ टक्के, म्हणजे साडेसात लाख नफा हवा असेल, तर मार्केटिंगला जास्तीत जास्त ९ लाख देता येतात. विक्रीच्या ६ टक्के.

सुट्या भागांच्या बाजूला अर्धा टक्का, म्हणजे सव्वा लाख पुरतात. ते नव्या कंपन्यांना भेटी आणि नमुने देण्यासाठी. एकूण सव्वादहा लाख. ३८ लाखांपेक्षा खूप कमी, पण परवडणारे.

खर्च फळला का?

इथे २७ रुपयांचा हिशेब पुन्हा कामी येतो. मार्केटिंगवर एक लाख जास्त घातले, तर ते वसूल व्हायला किमान ३ लाख ७० हजारांची जादा विक्री व्हावी लागते. त्यामुळे प्रत्येक नव्या डीलरला आणि ग्राहकाला ‘आमच्याबद्दल कुठे कळले?’ हे विचारून ऑर्डरवर लिहून ठेवणे गरजेचे. विक्री वाढतेय, पण महिनाअखेर बँकेतली शिल्लक घटतेय, असे दिसले तर दोन शक्यता तपासाव्यात. जाहिरात महाग पडतेय किंवा डीलरकडे उधारी अडकली आहे.

खर्चात काय धरायचे?

प्रदर्शनाचा खर्च म्हणजे फक्त स्टॉलचे भाडे नव्हे. माल नेणे-आणणे, माणसांचा मुक्काम आणि दुकानात ठेवलेला नमुन्याचा नग हेही त्यात येते. डीलरला बिलावर दिलेली सूट मात्र इथे धरू नये, ती विक्रीतूनच वजा होते. जाहिरातीच्या बिलावरील जीएसटीचे क्रेडिट मिळत असेल, तर खर्च जीएसटीशिवाय मांडावा. कंपोझिशन योजनेतील कारखान्याला ते मिळत नाही, त्याने करासह मांडावा.

मंदीत टक्केवारी फसते

टक्केवारीची एक उणीव आहे. विक्री घसरली की बजेटही घसरते, जाहिरात कमी झाली की विक्री आणखी घसरते. यावर उपाय म्हणजे रक्कम दोन भागांत ठेवणे. कॅटलॉग, वेबसाइट आणि डीलरभेटी यांसाठी समजा ४ लाख काहीही झाले तरी राखून ठेवायचे. उरलेले ५ लाख तिमाहीचा हिशेब पाहून सोडायचे.

हे ५ लाख बारा महिन्यांत सारखे वाटण्यातही अर्थ नाही. कपाटांची मागणी दिवाळी आणि लग्नसराईत वाढते, त्यामुळे खर्च त्याच्या महिना-दोन महिने आधी व्हायला हवा. ऑनलाइन जाहिरातीचे पैसे बहुधा आधी भरावे लागतात आणि डीलरचे पैसे ६० दिवसांनी येणार असतील, तर मधल्या काळाची रोख रक्कम आधीच बाजूला काढलेली हवी. नाहीतर कागदावर परवडणारे बजेट ऐन सणात पत्र्याच्या खरेदीचे पैसे खाते.